पडद्यावरची चादर : लिस्टिंगचा कुठला भाग काय काम करतो

सोलापुरातल्या चादरीच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की दुकानदार आधी घडी उलगडतो. चादर गादीवर पसरली जाते. गिऱ्हाईक ती दोन बोटांत धरून पाहतं, उलटी करून मागची नक्षी बघतं, हातावर घेऊन वजनाचा अंदाज घेतं आणि मग विचारतं, "धुतल्यावर आटणार नाही ना?" ऑनलाइन बाजारात यातलं काहीच करता येत नाही. तिथे या प्रत्येक हालचालीची जागा पानावरचा एकेक रकाना घेतो. अशा सगळ्या रकान्यांचं मिळून जे पान तयार होतं, त्याला लिस्टिंग म्हणतात.

कॉलेजच्या उद्योजकता मंडळात हा विषय वीस मिनिटांत समजावून सांगायचा असेल, तर रकान्यांची यादी वाचून दाखवण्यापेक्षा एकच वस्तू घेऊन तिचं पान भरत जाणं जास्त उपयोगी पडतं. म्हणून एक चादर डोळ्यांसमोर आणू : सोलापूरची, शंभर टक्के सुती, जॅकार्डवर विणलेली, ६० बाय ९० इंच, वजन १.४ किलो, रंग मरून. मंडळातल्या एका विद्यार्थिनीच्या मामांच्या यंत्रमागावर ती तयार होते आणि अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्टसारख्या बाजारात ८९९ रुपयांना विकायचा मुलांचा विचार आहे. ही चादर आणि तिच्या विक्रीचे आकडे नमुन्यापुरते मानलेले आहेत. नियम आणि कामाची पद्धत मात्र खरी आहे.

ग्राहकाकडून चार गोष्टी घडाव्या लागतात. चादर त्याला सापडली पाहिजे, त्याने ती उघडून पाहिली पाहिजे, घेतली पाहिजे आणि घेतल्यावर ठेवून घेतली पाहिजे. लिस्टिंगचा प्रत्येक भाग या चारपैकी एखाद्या कामासाठी असतो. कुठला भाग कशासाठी आहे हे कळलं, की विक्री अडते तेव्हा नेमकी दुरुस्ती कुठे करायची तेही कळतं.

पान एक, विक्रेते अनेक

नव्या विक्रेत्याचा पहिला गैरसमज इथेच होतो. त्याला वाटतं, आपण भरलेलं पान आपलं. प्रत्यक्षात लिस्टिंगचे दोन थर असतात. खालचा थर वस्तूचा : नाव, फोटो, वर्णन, मापं. अ‍ॅमेझॉन या थराला दहा अक्षर-अंकांचा एक क्रमांक देतं, त्याला ASIN म्हणतात. फ्लिपकार्टवर त्याच कामाचा क्रमांक FSN नावाने ओळखला जातो. वरचा थर विक्रेत्याचा : किंमत, शिल्लक माल, माल किती दिवसांत पाठवणार आणि विक्रेत्याचा स्वतःचा सांकेतिक क्रमांक, म्हणजे SKU. तीच कंपनी, तीच वस्तू दहा दुकानदार विकत असतील, तर पान एकच राहतं आणि त्यावर दहा जणांचे भाव लागतात. 'खरेदी करा' हे बटण दाबलं की त्यातल्या एकाचीच ऑर्डर नोंदली जाते. ती कोणाची हे भाव, माल पोचायला लागणारे दिवस, शिल्लक साठा आणि विक्रेत्याची आजवरची कामगिरी पाहून बाजाराची यंत्रणा ठरवते.

SKU ग्राहकाला दिसत नाही, पण गोदामात सगळी भिस्त त्याच्यावर असते. मरून रंगाची, ६० बाय ९० मापाची, एक नग चादर असेल तर असा क्रमांक पुरतो :

```
SC-6090-MRN-1
```

ऑर्डर आली की घडी उचलणाऱ्याला हा क्रमांक वाचून रंग आणि माप कळलं पाहिजे. '१०१', '१०२' असे नुसते आकडे दिले की मरूनऐवजी निळी चादर रवाना होते आणि ती परत येते.

नवं पान उघडताना बहुतेक बाजार बारकोडचा क्रमांक मागतात. भारतात तो जीएस१ इंडिया ही संस्था देते आणि तिने दिलेला तेरा अंकी क्रमांक ८९० ने सुरू होतो. मामांच्या चादरीवर बारकोड नसेल तर त्यातून सूट मिळवण्यासाठी अर्ज करता येतो. इंटरनेटवर स्वस्तात मिळणारे क्रमांक मात्र घेऊ नयेत. ते आधीच दुसऱ्या कोणाच्या नावावर असू शकतात आणि तपासणीत पान बंद होतं.

पान सामायिक असल्याचा एक धोकाही आहे. पान चांगलं चालायला लागलं, की दुसरा एखादा विक्रेता त्याच पानावर आपला भाव लावतो आणि प्रत्यक्षात हलकी, मिश्र धाग्याची चादर पाठवतो. तिच्याबद्दलचे वाईट अभिप्राय मूळ पानावर साठत जातात. पानावर 'इतर विक्रेते' अशी यादी दिसते, ती आठवड्यातून एकदा पाहिली तर हा प्रकार लवकर लक्षात येतो. ब्रँडच्या नावाने ट्रेडमार्क घेतला किंवा त्यासाठी अर्ज केला, की तक्रार करण्यासाठी हातात काहीतरी आधार येतो.

सापडावी म्हणून

सगळ्यात आधी भरायचा आणि सगळ्यात घाईने भरला जाणारा रकाना म्हणजे कॅटेगरी, वस्तूचा वर्ग. कमिशन किती, कर कुठल्या गटाचा, पुढे कोणते रकाने भरावे लागणार आणि ग्राहकाच्या कुठल्या यादीत वस्तू दिसणार, हे सगळं वर्गावरून ठरतं. चादरीच्या बाबतीत इथेच घोळ होतो. महाराष्ट्रात सोलापुरी चादर अंथरतात तशी पांघरतातही. उत्तरेकडच्या ग्राहकाला मात्र चादर म्हटलं की पलंगावर अंथरायचं पातळ कापड डोळ्यांसमोर येतं. ही जाड चादर पलंगपोसाच्या वर्गात टाकली, तर शेजारी उशांच्या अभ्र्यांसह विकले जाणारे स्वस्त संच येतात आणि तिथे ८९९ रुपये महाग वाटतात. पांघरुणांच्या वर्गात ती टाकली, तर तुलना ब्लँकेटशी होते आणि तोच भाव रास्त वाटतो. कुठला वर्ग योग्य हे ठरवायचा सोपा मार्ग आहे. 'solapuri chaddar' असा शोध घ्यायचा, पहिल्या पानावरच्या आठ-दहा वस्तू उघडायच्या आणि त्या कुठल्या वर्गात आहेत ते पानावर वरच्या बाजूला वाचायचं.

वर्गानंतर टायटल. त्याला दोन वाचक असतात. एक शोधयंत्र, जे ग्राहकाने टाइप केलेले शब्द टायटलमध्ये आहेत का ते पाहतं. दुसरा ग्राहक, जो फोनवर त्याची पहिली साठ-सत्तर अक्षरंच वाचतो. अ‍ॅमेझॉनवर बहुतेक वर्गांत दोनशे अक्षरांपर्यंत मुभा आहे, पण ती सगळी भरून काढायची गरज नसते. २०२५च्या जानेवारीपासून तिथे एकच शब्द टायटलमध्ये दोनपेक्षा जास्त वेळा वापरायला आणि उद्गारचिन्हासारखी चिन्हं सजावटीला टाकायलाही मनाई आहे. म्हणजे 'बेस्ट चादर, सुपर चादर, कॉटन चादर' हा जुना प्रकार आता चालत नाही. नमुन्याच्या चादरीचं टायटल असं होईल :

```
Solapuri Chaddar, 100% Cotton Jacquard Blanket, Single, 60 x 90 inch, 1.4 kg, Maroon, Pack of 1
```

इथला क्रम महत्त्वाचा आहे. लोक जे नाव टाइप करतात ते सुरुवातीला, मग धागा आणि विणकाम, मग माप, वजन, रंग, नग. फोनवर टायटल मधेच तुटलं तरी 'सोलापुरी', 'सुती' आणि 'पांघरूण' एवढं वाचून होतं. 'Pack of 1' हे शेवटचे शब्द निरर्थक वाटतात. पण फोटोत तीन रंगांच्या चादरी दिसत असतील तर तिन्ही मिळणार असं समजणारे ग्राहक असतात, आणि त्यांची तक्रार इथेच थांबते.

टायटलमध्ये न मावलेल्या शब्दांसाठी ग्राहकाला न दिसणारा एक रकाना असतो. लोक 'chadar' लिहितात, 'chaddar' लिहितात, 'sholapur' असंही लिहितात. यातली टायटलमध्ये नसलेली स्पेलिंग तिथे टाकायची. टायटलमध्ये आलेले शब्द पुन्हा लिहायचे नाहीत, दुसऱ्याच्या ब्रँडचं नावही नाही. या रकान्याची मर्यादा बाइटमध्ये मोजतात. इंग्रजी अक्षर एक बाइट घेतं, देवनागरी अक्षर तीन. काना-मात्रेचे तीन-तीन बाइट वेगळे. त्यामुळे 'चादर' हा साधा शब्द बारा बाइट खातो. मराठी शब्द जरूर टाकावेत, पण निवडून.

सापडण्याशी संबंध असूनही दुर्लक्षित राहणारा भाग म्हणजे गुणधर्मांचे रकाने : धागा, रंग, माप, वजन, विणकाम, नग. ग्राहक डावीकडच्या किंवा वरच्या चाळणीत 'कॉटन' आणि 'सिंगल' यांवर टिचकी मारतो, तेव्हा शोधयंत्र हेच रकाने पाहतं. टायटलमध्ये 'कॉटन' लिहिलेलं असलं आणि धाग्याचा रकाना रिकामा असला, तर चाळणी लावल्याबरोबर चादर यादीतून गायब होऊ शकते. विक्रेत्याला ते कळतही नाही, कारण स्वतःची चादर तो नावाने शोधतो आणि ती त्याला दिसते. तपासायचं असेल तर विक्रेत्याच्या खात्यातून बाहेर पडून, साध्या ग्राहकासारखं शोधून, एकेक चाळणी लावून पाहायचं.

उघडावी म्हणून

शोधाच्या यादीत ग्राहकाला पाच गोष्टी दिसतात : मुख्य फोटो, टायटलचा तुकडा, तारे, किंमत आणि माल कधी पोचेल तो दिवस. बोट पडायचं की पुढे सरकायचं, हे एवढ्यावरच ठरतं.

मुख्य फोटोचे नियम अ‍ॅमेझॉनवर काटेकोर आहेत. पार्श्वभूमी शुद्ध पांढरी, वस्तूने चौकटीचा निदान ८५ टक्के भाग व्यापलेला, फोटोवर अक्षरं, लोगो किंवा वॉटरमार्क नाही. मोठी बाजू किमान एक हजार पिक्सेल असली तरच ग्राहकाला तो फोटो मोठा करून पाहता येतो. इतर बाजारांचे नियम थोडे वेगळे असतात, पण पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा स्वच्छ फोटो सगळीकडे चालतो.

नियम पाळूनही फोटो फसू शकतो. घडी घातलेली चादर समोरून टिपली की फोनच्या पडद्यावर ती मरून रंगाची एक आयताकृती वडी दिसते. टॉवेल आहे की चादर, तेही कळत नाही. घडीचा एक कोपरा उलटून मागची बाजू दाखवली, तर चित्र बदलतं. जॅकार्डच्या या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंनी दिसते आणि रंग उलटे होतात : समोर मरूनवर पांढरी फुलं असतील, तर मागे पांढऱ्यावर मरून. यंत्रावर छापलेल्या कापडात हे साधत नाही. दुकानातलं गिऱ्हाईक चादर उलटी करून जे बघतं, ते एका वळवलेल्या कोपऱ्यात दाखवता येतं. रंग खरा यावा म्हणून फोटो ट्यूबलाइटखाली न काढता खिडकीजवळच्या दिवसाच्या उजेडात काढावा. पिवळ्या दिव्यात मरून तपकिरी दिसतो आणि 'रंग वेगळा आला' म्हणून चादर परत येते.

किमतीच्या रकान्यात दोन आकडे असतात : कमाल किरकोळ किंमत, म्हणजे एमआरपी, आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव. एमआरपी सर्व करांसह असते आणि तिच्यापेक्षा जास्त भाव लावणं बेकायदा आहे. पाकिटावर छापलेली एमआरपी एक आणि पानावर भरलेली दुसरी, असं होता कामा नये. सूट मोठी दिसावी म्हणून पानावर २,४९९ भरायचे आणि पाकिटावर १,२९९ छापायचे, हा प्रकार ग्राहकाच्या हातात पाकीट पडताच उघड होतो.

पोचण्याच्या दिवसाचा रकाना विक्रेत्याच्या हातात अर्धाच असतो. ऑर्डर आल्यावर माल किती दिवसांत बाहेर काढणार, एवढं तो ठरवतो. उरलेलं अंतर आणि कुरिअर ठरवतात. 'तीन दिवस' भरलेलं असलं आणि माल रोज संध्याकाळीच निघत असला, तर विक्रेता विनाकारण दोन दिवस उशिराचा दिसतो.

घ्यावी म्हणून

पान उघडलं की ग्राहकाच्या मनात शंका सुरू होतात, आणि पुढचे सगळे भाग शंकांची उत्तरं म्हणून लिहावे लागतात. अ‍ॅमेझॉनवर टायटल आणि फोटोंजवळ पाच मुद्द्यांची जागा असते. तिथे 'उत्तम दर्जा', 'आकर्षक डिझाइन' असं लिहिलं तर ती जागा वाया जाते, कारण कोणाचीच त्यावर शंका नसते. शंका वेगळ्या असतात : किती जाड आहे, किती लांब आहे, धागा खरंच सुती आहे का, रंग जातो का, आटते का.

जाडीचं उत्तर शब्दांत देता येत नाही. आकड्यात देता येतं. ६० बाय ९० इंच म्हणजे सुमारे १.५२ बाय २.२९ मीटर, म्हणजे साडेतीन चौरस मीटरला थोडं कमी कापड. १,४०० ग्रॅमला त्या क्षेत्रफळाने भागलं की चौरस मीटरमागे सुमारे ४०० ग्रॅम येतात. कापडाच्या व्यापारात याला जीएसएम म्हणतात. मुद्द्यात असं लिहावं : 'वजन १.४ किलो, सुमारे ४०० जीएसएम; पंख्याखाली आणि हलक्या थंडीत पांघरायला पुरेशी, कडाक्याच्या थंडीसाठी एकटी पुरणार नाही.' शेवटचं वाक्य लिहायला नवा विक्रेता घाबरतो, पण दिल्लीच्या जानेवारीत ही चादर रजई समजून घेणाऱ्याला तेच वाक्य आधी थांबवतं.

लांबीचं उत्तर फोटोत द्यावं. साडेसात फूट हे वाचून कळत नाही. चादर सिंगल पलंगावर अंथरलेली आणि शेजारी उंची लिहिलेला माणूस ती पांघरून झोपलेला, असे दोन फोटो पुरतात. आटण्याचं उत्तर मोजून द्यावं. एक चादर घरी तीनदा धुवायची, प्रत्येक वेळी वाळल्यावर टेपने मोजायची आणि जो आकडा येईल तो लिहायचा. नव्वदची सत्त्याऐंशी होत असेल तर तसंच लिहावं.

काही माहिती मात्र कायद्याने द्यावी लागते. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ यांच्याप्रमाणे पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, नग किंवा वजन, एमआरपी आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क असावा लागतो. आकारमान महत्त्वाचं असेल तिथे मापंही. १ जानेवारी २०१८ पासून ही माहिती ऑनलाइन पानावरही दाखवणं बंधनकारक आहे; उत्पादनाचा महिना आणि वर्ष यांना पानावर सूट आहे. वस्तू कुठल्या देशात तयार झाली हे सांगणं २०२०च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनी आवश्यक केलं.

या चादरीच्या बाबतीत आणखी एक कायदा लागू होतो. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे दुसऱ्या गावात विणलेल्या चादरीला 'सोलापुरी' म्हणणं ही केवळ अतिशयोक्ती ठरत नाही, तो १९९९च्या मानांकन कायद्याचा भंग ठरतो. चादर खरोखर सोलापूरची असली, तरी मानांकनाचं चिन्ह पानावर झळकवायचं असेल तर उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. मामांनी ते केलं आहे का, हे चिन्ह टाकण्याआधी मुलांनी विचारून घ्यायला हवं.

अभिप्राय आणि तारे हा लिस्टिंगचा एकमेव भाग, जो विक्रेत्याला लिहिता येत नाही. २०२०च्या त्याच नियमांनी विक्रेत्याला ग्राहक असल्याचं भासवून अभिप्राय लिहायला मनाई केली आहे. मंडळातल्या पंचवीस मुलांनी पहिल्याच आठवड्यात पाच-पाच तारे द्यायचे, ही कल्पना प्रत्येक कॉलेजात कोणाला तरी सुचते. ती नियमाविरुद्ध आहे आणि बाजाराच्या यंत्रणा असे अभिप्राय ओळखून खातं बंद करतात. विक्रेत्याने करायचं ते वेगळं. अभिप्राय वाचायचे आणि त्यातली तक्रार पानावर वर आणायची. "चादर छान आहे, पण वाटलं त्यापेक्षा पातळ आहे," असं तिघांनी लिहिलं, तर चादर बदलायची गरज नाही; जीएसएमचा मुद्दा पाचव्या जागेवरून पहिल्या जागेवर आणायला हवा.

रंग आणि मापांचे पर्याय एकाच पानावर जोडता येतात. मरून, निळा आणि हिरवा असे तीन रंग एका पानावर आले की त्यांचे अभिप्रायही एकत्र दिसतात आणि नव्या रंगाला शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. मात्र चादरीच्या पानावर टॉवेल पर्याय म्हणून जोडला तर तो गैरवापर ठरतो. टॉवेल घेणाऱ्याला चादरीचे तारे दाखवले जातात, आणि कळल्यावर बाजार ते जोडलेलं पान तोडतो.

ठेवून घ्यावी म्हणून

पाकिटाचं माप आणि वजन हे रकाने ग्राहक वाचत नाही. त्यामुळे ते अंदाजाने भरले जातात आणि नफा तिथेच गळतो. कुरिअरचं भाडं प्रत्यक्ष वजन आणि घनफळावरून काढलेलं वजन, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतं. घनफळाचं वजन सहसा असं काढतात :

```
L x W x H (cm) / 5000 = kg
```

चादर सैल घडी घालून ४० × ३० × १२ सेंटिमीटरच्या खोक्यात भरली, तर २.८८ किलो होतात. पाकिटासह खरं वजन दीड किलोच असतं. भाडं मात्र तीन किलोच्या टप्प्याचं लागतं. तीच चादर घट्ट घडी घालून ३८ × २८ × ८ च्या पाकिटात बसवली, तर १.७० किलो येतात आणि दोन किलोचा टप्पा लागतो. दर अर्ध्या किलोमागे २५ रुपये धरले, तर नुसत्या घडीने चादरीमागे ५० रुपये वाचतात. ज्या चादरीत शंभर-सव्वाशे रुपये सुटतात, तिथे ही रक्कम मोठी आहे. पानावर मापं कमी भरून भाडं वाचवता येत नाही, कारण कुरिअरच्या केंद्रात पाकीट पुन्हा मोजलं जातं आणि फरक विक्रेत्याच्या खात्यातून कापला जातो.

परत येणाऱ्या मालाचे दोन प्रकार वेगळे ठेवायला हवेत. एकात ग्राहक दारात आलेलं पाकीट घेतच नाही. बहुधा पैसे दारात द्यायचे असतात तेव्हा हे घडतं. त्याला आरटीओ म्हणतात आणि लिस्टिंगशी त्याचा संबंध कमी असतो. दुसऱ्यात ग्राहक पाकीट उघडतो, पाहतो आणि कारण निवडून परत करतो. हे कारण म्हणजे लिस्टिंगच्या कुठल्या रकान्याने चुकीची अपेक्षा निर्माण केली, याची ग्राहकानेच दिलेली नोंद. 'लहान आहे' म्हणजे मापाचा फोटो नाही. 'रंग वेगळा' म्हणजे उजेड चुकला. 'दर्जा कमी' म्हणजे बहुतेक वेळा वजन लिहिलेलं नाही. चादर वर्णनाप्रमाणे नसेल तर ती परत घ्यायला नकार देणं विक्रेत्याला नियमाने शक्य नाही.

आकडे काय सांगतात

विक्रेत्याच्या खात्यात दर आठवड्याला आकडे येतात : चादर किती वेळा दिसली, किती जणांनी उघडली, किती जणांनी घेतली, किती परत आल्या. मंडळाच्या चादरीचा पहिला महिना असा गेला समजू. ती २०,००० वेळा दिसली, १०० जणांनी उघडली, ८ जणांनी घेतली. दिसण्याचा आकडा बरा आहे, म्हणजे वर्ग आणि टायटल आपलं काम करताहेत. उघडणाऱ्यांपैकी आठ टक्के घेतात, तेही वाईट नाही. अडचण मधे आहे : दोनशे वेळा दिसल्यावर एकच जण उघडतो. तिथे मजकूर बदलून काही होणार नाही. मुख्य फोटो आणि किंमत पाहायला हवी.

मुलांनी फक्त फोटो बदलला. घडीऐवजी कोपरा उलटलेली चादर आली. पुढच्या महिन्यात तेवढ्याच वेळा दिसून २४० जणांनी ती उघडली आणि १९ जणांनी घेतली. पण त्यातल्या ७ परत आल्या. चार 'लहान', तीन 'पातळ'. जास्त लोक आले आणि त्यांच्यातल्या अनेकांना माप व वजन न कळता चादर पोचली. तिसऱ्या महिन्यात माणूस पांघरून झोपल्याचा फोटो दुसऱ्या जागेवर आणि वजनाचा मुद्दा पहिल्या जागेवर आला. घेणारे १९ वरून १८ झाले, परत आल्या २. पहिल्या महिन्याच्या आठच्या जागी आता सोळा चादरी ग्राहकांकडे राहिल्या, आणि जाण्या-येण्याचं दुहेरी भाडं फक्त दोन चादरींवर पडलं.

या हिशेबात एक अट आहे. दुसऱ्या महिन्यात फक्त मुख्य फोटो बदलला म्हणून त्या बदलाने काय झालं ते कळलं. फोटो, किंमत आणि टायटल एकाच दिवशी बदलली असती, तर आकडे वाढले असते किंवा पडले असते, पण कशामुळे ते सांगता आलं नसतं. बदल केल्याची तारीख वहीत लिहावी आणि निदान दोन आठवडे थांबावं. दिवसाला तीन-चार जणच पान उघडत असतील तर त्याहून जास्त, कारण इतक्या थोड्या आकड्यांत योगायोगही मोठा दिसतो.

चादरीच्या बाबतीत हंगामही लक्षात घ्यावा लागतो. पांघरुणांची मागणी दिवाळीच्या सुमाराला चढते आणि होळीनंतर उतरते. ऑक्टोबरात बदललेल्या फोटोमुळे नोव्हेंबरची विक्री वाढली असं वाटतं, तेव्हा कारण थंडीही असू शकतं. म्हणून किती जणांनी घेतली हा नुसता आकडा न पाहता, दिसली त्यांपैकी किती जणांनी उघडली आणि उघडली त्यांपैकी किती जणांनी घेतली, ही दोन प्रमाणं शेजारी लिहावीत. थंडीने दोन्ही प्रमाणं थोडी वर जातात. चांगल्या फोटोने मुख्यतः पहिलं प्रमाण वर जातं, आणि माप-वजनाची माहिती नीट दिली की परत येणाऱ्या चादरींचा आकडा खाली येतो.